वरच्या खोलीत वायफाय सारखं रडतंय? राउटरचे सगळे अँटेना सरळ उभे आहेत का ते आधी बघा

हा प्रॉब्लेम इतक्या जणांकडे बघितलाय की आता फोनवर वर्णन ऐकूनच अर्धा अंदाज येतो. राउटर खालच्या मजल्यावर, त्याला चार-सहा अँटेना, सगळे शिस्तीत सरळ वर केलेले, खालच्या सगळ्या खोल्यांत नेट मस्त, अगदी दोन भिंतींपलीकडच्या किचनमध्येपण, आणि राउटरच्या बरोब्बर डोक्यावर जी खोली आहे तिथे मात्र व्हिडिओ कॉल गोठतो, आवाज तुटतो, फोन मधेच मोबाइल डेटावर उडी मारतो. मग माणूस राउटर बंद करून चालू करतो, थोडा वेळ बरं वाटतं, आणि परत तेच.

रीस्टार्टने बरं का वाटतं ते आधी सांगतो, कारण सगळे इथेच फसतात. बऱ्याच राउटरना २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन बँड असतात आणि दोघांना एकच नाव दिलेलं असतं. रीस्टार्ट झाल्यावर वरचा लॅपटॉप बऱ्याचदा २.४ वर जाऊन बसतो, तो बँड स्लॅबमधून तुलनेने बरा जातो म्हणून काम चालतं, मग काही वेळाने लॅपटॉप किंवा राउटर ठरवतो की चला ५ वर जाऊ, तिथे स्पीड जास्त, आणि गेला की परत रड सुरू. म्हणजे रीस्टार्टने काही दुरुस्त झालेलं नसतं, फक्त बँड बदललेला असतो. कारण तसंच जागेवर राहतं, म्हणून प्रॉब्लेम परत परत येतो.

आता कारण अँटेनाच आहे हे कसं ओळखायचं? एक सोपी खूण आहे. वरच्या मजल्यावर राउटरच्या बरोब्बर वर उभे राहा, सिग्नल बघा, मग तिथून बाजूला तीन-चार मीटर चालत जा आणि परत बघा. राउटरपासून लांब जाताना सिग्नल *वाढला*, तर जवळजवळ नक्की समजा की अँटेनाच्या दिशेची भानगड आहे. अंतर वाढल्यावर सिग्नल कमी व्हायला हवा, तो वाढतोय म्हणजे डोक्यावरच्या जागी काहीतरी खड्डा आहे. उलट चालत जाताना सिग्नल अजून पडत गेला तर तुमचा प्रॉब्लेम साधा स्लॅबचा किंवा अंतराचा आहे, अँटेना वाकवून थोडाफार फरक पडेल पण चमत्कार होणार नाही.

हा खड्डा कुठून येतो ते समजलं की पुढचं सगळं आपोआप समजतं, त्यामुळे इथे जरा वेळ घालवूया.

राउटरवरची ती प्लास्टिकची दांडी म्हणजे आत बहुतेक वेळा डायपोल नावाचा साधा अँटेना असतो, किंवा त्याचाच थोडा लांब केलेला भाऊ. प्लास्टिक नुसतं कव्हर, आतला खरा तुकडा छोटा असतो, २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण १२.५ सेंटिमीटर, त्याच्या अर्धा म्हणजे सहाएक सेंटिमीटर. हा अँटेना दांडीच्या *टोकातून* सिग्नल सोडत नाही, *अंगातून* सोडतो, चहूबाजूंनी. एखाद्या उभ्या काठीत सायकलचा टायर अडकवून आडवा धरला तर कसा दिसेल, साधारण तसा त्याचा सिग्नल पसरतो. टायर जिथे आहे तिथे जोर, आणि काठीचं टोक ज्या दिशेला बघतंय तिथे, म्हणजे सरळ वर आणि सरळ खाली, जवळजवळ काहीच नाही.

लोक याच्या बरोब्बर उलटं धरून चालतात. वरच्या खोलीत नेट नाही ना, मग अँटेना वर करा. गच्चीत नेट नाही, अँटेनाचं टोक गच्चीच्या दाराकडे करा. हे म्हणजे जिथे सिग्नल पाहिजे तिथेच हाताने खड्डा नेऊन ठेवणं झालं. टोक जिकडे, तिकडे सिग्नल सगळ्यात कमी, हे एक वाक्य डोक्यात बसलं तरी अर्धं काम झालं.

किती कमी? आकडे अगदीच थोडे देतो. समजा राउटर खाली टेबलावर आहे आणि वरच्या खोलीत लॅपटॉपही तसाच टेबलावर, म्हणजे दोघांत उभं अंतर ३ मीटर, आणि आडवं अंतर फक्त १ मीटर. अँटेना सरळ उभा असेल तर लॅपटॉप त्याच्या टोकाच्या दिशेपासून जेमतेम १८ अंश बाजूला येतो. साध्या डायपोलचं गणित केलं तर त्या दिशेला सिग्नल त्याच्या सगळ्यात चांगल्या दिशेपेक्षा १२ डीबीने कमी निघतो. ३ डीबी म्हणजे निम्मं, तर १२ डीबी म्हणजे सोळावा हिस्सा. आणि हे स्लॅब लागायच्या *आधी*, स्लॅब त्याचा वेगळा हिस्सा खातोच. प्रत्यक्षात घरात भिंतींवर, कपाटांवर आपटून थोडा सिग्नल फिरून वर पोहोचतो म्हणून खड्डा कागदावर दिसतो तितका खोल नसतो, पण असतो हे नक्की.

माझ्या मावसभावाकडे नेमका हाच सीन होता आणि तिथे नीट मोजून बघितलं, म्हणून तेच उदाहरण घेतो. दोन मजली घर, राउटर खाली हॉलमध्ये टीव्हीशेजारच्या टेबलावर, चार अँटेना, चारही सरळ वर. वर बरोब्बर डोक्यावर त्याची कामाची खोली. त्याने कंटाळून आधीच मोठे, जास्त गेनवाले अँटेना आणून लावले होते, दुकानदाराने सांगितलं रेंज वाढेल, आणि खाली खरंच वाढली, अंगणातपण नेट येऊ लागलं, फक्त वरच्या खोलीत होतं त्याहून बेकार झालं. तो म्हणे माल डुप्लिकेट असणार. माल ठीकच होता. जास्त गेन म्हणजे जास्त ताकद नाही, राउटर जेवढी ताकद देतो तेवढीच, फक्त तो टायर वरून-खालून दाबून चपटा केलेला, त्यामुळे आडवा लांब जातो आणि वर-खाली अजूनच कमी पडतो. साध्या डायपोलचा गेन साधारण २ डीबीआय असतो, ५ चा घेतलात की जाडी कमी, ९ चा घेतलात की पार चपाट. एकाच मजल्यावरच्या लांबलचक जागेला ते उत्तम, पण दोन मजली घरात राउटरच्या डोक्यावरच्या खोलीला त्याच्यासारखा वैरी नाही. तर पहिलं काम, जुने छोटे अँटेना परत लावले.

मग त्याचा लॅपटॉप वरच्या टेबलावर ठेवला, ५ गिगाहर्ट्झला वेगळं नाव दिलं म्हणजे तो मधेच बँड बदलणार नाही, आणि बघितलं तर सिग्नल वजा ७४ डीबीएम. खाली किचनमध्ये दोन भिंती ओलांडून तोच लॅपटॉप वजा ५९ दाखवत होता. हे आकडे वजा असतात, शून्याच्या जितके जवळ तितकं चांगलं. वजा ६५ च्या आसपास कॉल वगैरे निवांत चालतात, वजा ७५ च्या खाली गेलं की कुरकूर सुरू होते आणि वजा ८० च्या पुढे आशा सोडायची.

नंतर खरी टेस्ट, जी मी सगळ्यांना आधी करायला सांगतो कारण तिला एक मिनिटही लागत नाही. अँटेनाला हातच लावला नाही, राउटर उचलून तसाच्या तसा कुशीवर आडवा केला, वायरी ताणल्या जाणार नाहीत एवढं बघून. राउटर कुशीवर म्हणजे चारही अँटेना आपोआप आडवे. वरून भावाने ओरडून आकडा सांगितला, वजा ६५. बस, निदान झालं. स्लॅब तोच, राउटर तोच, चॅनल तोच, फक्त दिशा बदलली आणि ९ डीबी हातात आले, म्हणजे जवळजवळ आठपट सिग्नल. या टेस्टमध्ये दोन-तीन डीबीच हलले असते तर मी अँटेनाचा नाद सोडून राउटर हलवायचं बघितलं असतं, कारण दोन-तीन डीबी असेच माणूस हलला तरी इकडेतिकडे होतात.

पण राउटर असा कुशीवर कायमचा ठेवायचा नाही. एक तर हवा खेळायच्या जाळ्या काही मॉडेलमध्ये नेमक्या खाली दबतात, आणि दुसरं, चारही अँटेना आडवे केले की आता खड्डा आडवा झाला. आडव्या अँटेनाची दोन्ही टोकं ज्या दोन दिशांना बघतात तिथे सिग्नल पडतो. किचनमध्ये जाऊन बघितलं तर तिथला आकडा वजा ५९ वरून वजा ६६ वर आला होता, कारण एका बाजूची टोकं नेमकी किचनकडे. म्हणजे एकाचं काढून दुसऱ्याला दिलं.

म्हणून वाटणी करायची. राउटर परत नीट ठेवला, मधले दोन अँटेना सरळ उभेच ठेवले, खालच्या मजल्यासाठी. कडेचे दोन बिजागरीतून वाकवून पूर्ण आडवे केले, वरच्या खोलीसाठी. आणि हे आडवे करताना राउटरच फिरवून घेतला, म्हणजे त्या दोघांची टोकं किचनकडे न जाता पुढच्या आणि मागच्या बाहेरच्या भिंतीकडे गेली, जिकडे कुणी बसतच नाही. आडवा अँटेना कुठल्याही दिशेला आडवा असो, वर सिग्नल पाठवतोच, त्यामुळे टोकं कुठे न्यायची ते आपल्या हातात असतं, नको असलेल्या दिशेला न्या. वर आकडा आला वजा ६७, किचनमध्ये वजा ६०. वरचा आकडा कुशीवरच्या टेस्टपेक्षा थोडा कमी, पण किचनचं काही बिघडलं नाही. घरातल्या घरात फाइल पाठवून बघितलं तर वर आधी ४०-५० एमबीपीएस मिळत होते ते १६० च्या आसपास गेले.

आता एक बारीक गोष्ट, जिच्यावर भल्याभल्यांची गडबड होते. खोली बरोब्बर डोक्यावर नसून तिरपी वर असेल तर? समजा आडवं अंतर ४ मीटर, उभं ३ मीटर. ती खोली राउटरपासून बघितली तर सपाटीपासून साधारण ३७ अंश वर येते. सरळ उभा अँटेना तिथे तसाही फार वाईट नसतो, ३ डीबीच्या आतबाहेर मार खातो, त्यामुळे काही न करताही चालतं. पण माणसाला वाटतं थोडा वाकवून बघूया, आणि तो अँटेना खोलीच्या *दिशेने* वाकवतो. चुकलं. खोलीच्या दिशेने ३७ अंश वाकवला की टोक खोलीकडे जायला लागतं, आणि जिथे ३ डीबीचा तोटा होता तिथे १३ होतो. वाकवायचा तो खोलीपासून *लांब*, पाठ टेकून बसल्यासारखा, म्हणजे अँटेनाचं अंग खोलीसमोर येतं आणि तोटा जवळजवळ शून्य. दिसायला उलटं दिसतं, बघणारा म्हणतो अरे अँटेना भलतीकडे बघतोय, बघू दे, तसाच पाहिजे. शंका आली की अँटेनाशेजारी डोकं नेऊन त्या खोलीच्या दिशेने बघा आणि स्वतःला विचारा, तिथून हा अँटेना पूर्ण लांब दिसेल की नुसता त्याचा शेंडा दिसेल? पूर्ण दिसला पाहिजे.

मग मोजायचं कसं, कारण नुसत्या वायफायच्या काड्या बघून काही कळत नाही, चार काड्या आणि तीन काड्या यात कधीकधी दहा डीबी असतात. विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि हे टाका:

```
netsh wlan show interfaces
```

त्यात `Signal` समोर टक्के येतात, `Receive rate` आणि `Transmit rate` समोर लिंकचा स्पीड. लिनक्सवर सरळ डीबीएममध्येच मिळतं, इंटरफेसचं नाव तुमच्याकडे वेगळं असू शकतं:

```
iw dev wlan0 link
```

मॅकवर ऑप्शन बटण दाबून धरून वरच्या पट्टीतल्या वायफायच्या चिन्हावर क्लिक केलं की `RSSI` म्हणजे सिग्नल आणि `Tx Rate` म्हणजे लिंकचा स्पीड, असे दोन्ही आकडे दिसतात. अँड्रॉइडवर वायफाय अॅनालायझर प्रकारची कितीतरी फुकट अॅप्स आहेत, कुठलंही घ्या.

मोजताना लॅपटॉप एकाच जागी, एकाच दिशेला तोंड करून ठेवा आणि हाताळू नका. ५ गिगाहर्ट्झची लहर साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास असते, त्यामुळे लॅपटॉप नुसता वीतभर सरकवला तरी आकडा चार-पाच डीबी उडतो आणि तुम्हाला वाटतं अँटेनाने कमाल केली. अँटेना हलवणाऱ्यानेपण हलवून झालं की राउटरपासून बाजूला व्हायचं, माणसाच्या अंगात पाणी भरपूर, सिग्नल मस्त अडतो. आणि लगेच दिसलेला आकडा धरू नका, पंधरा-वीस सेकंद थांबा, दोन-तीनदा बघा, मधला धरा. दोन माणसं लागतात या कामाला, एक खाली एक वर, एकट्याने केलं की जिन्यावरून ये-जा करून जीव जातो आणि मग माणूस मोजायचं सोडून अंदाजाने ठरवतो.

स्पीड बघायला इंटरनेटवरची स्पीड टेस्ट मारू नका, किंवा मारा पण तिच्यावर निर्णय घेऊ नका. तुमचं कनेक्शन १०० चं असेल आणि वायफाय १६० देत असेल तर टेस्ट १०० च दाखवणार, सुधारणा दिसणारच नाही. संध्याकाळी लाइनवर गर्दी असेल तर आकडा पडणार आणि शिव्या अँटेनाला. राउटरला वायरने एक कॉम्प्युटर जोडलेला असेल तर दोन मशीनमधला स्पीड मोजणारं `iperf3` दोन्हीकडे घ्या, वायरवाल्यावर पहिली ओळ, वायफायवाल्यावर दुसरी, आयपी तुमच्या वायरवाल्या मशीनचा टाका:

```
iperf3 -s
iperf3 -c 192.168.1.10 -R -t 30
```

त्यातला `-R` म्हणजे डेटा वायरवाल्याकडून वायफायवाल्याकडे, डाउनलोडसारखा. तो काढला की उलट दिशा. दोन्ही बघा. अँटेना जितका बरा पाठवतो तितकाच बरा ऐकतो, त्यामुळे दिशा सुधारली तर दोन्हीकडचे आकडे वर जायला हवेत. कॉलवर तुमचं बोलणं समोरच्याला तुटत ऐकू येत होतं ते याच कारणाने, फोनची ताकद राउटरपेक्षा कमी असते आणि खड्ड्यातून ती अजून कमी पोहोचते.

आता सगळं करूनही आकडा ढिम्म हलला नाही तर दोन गोष्टी तपासा. पहिली, काही राउटरमध्ये सगळे अँटेना दोन्ही बँडचे नसतात, दोन २.४ चे आणि दोन ५ चे असं वाटलेलं असतं. तुम्ही आडवे केले ते २.४ वाले आणि मोजताय ५ वर, मग काय हलणार? मॅन्युअलमध्ये कधी लिहिलेलं असतं, कधी नसतं, नसेल तर एकेक अँटेना आडवा करून दोन्ही बँडचे आकडे बघा, कुठला कुणाचा ते कळतं. दुसरी गोष्ट, अँटेना स्क्रूचे, काढता येणारे असतील तर मुळाशी घट्ट आहेत का बघा, वाकवताना लोक बिजागरी सोडून अख्खी दांडीच फिरवतात आणि ती आतून सैल होते. बोटाने घट्ट करा, पक्कड लावू नका, कनेक्टर उखडतो.

भिंतीवर टांगलेल्या राउटरचं एक वेगळं लफडं असतं. टेबलावर असताना अँटेना उभे होते, मग राउटर भिंतीला लावला तेव्हा बिजागरी तशीच राहिली आणि अँटेना खोलीत आडवे बाहेर आलेले. राउटरच्या हिशोबाने ते उभेच, पण घराच्या हिशोबाने आडवे, आणि टोकं समोरच्या खोलीकडे रोखलेली. हिशोब नेहमी जमिनीचा धरा, राउटरचा नाही.

एकच मजला असेल तर हे सगळं करायची गरज आहे का? फारशी नाही. सगळे उभे ठेवलेत तर टायर आडवा पसरतो आणि मजला व्यापतो, कंपन्या फोटोत तसेच दाखवतात त्यात खोटं काही नाही. तरी एकाच मजल्यावरपण चारातला एक तिरका किंवा आडवा करून बघायला मी सांगतो, त्याचं कारण वेगळं आहे. उभा अँटेना उभी लहर सोडतो, आडवा अँटेना आडवी, आणि घेणाऱ्याचा अँटेना त्याच्याशी जुळला तर सगळ्यात चांगलं घेतो. दोघांत ४५ अंशांचा फरक असेल तर ३ डीबी जातात, ९० चा झाला तर कागदावर सगळंच जातं, घरात भिंतींवर आपटून लहरींची दिशा गोंधळते म्हणून तेवढं जात नाही. तुमच्या फोनमधला अँटेना कुठल्या कोपऱ्यात आणि कसा बसवलाय ते तुम्हाला माहीत नाही, आणि फोन तुम्ही कधी उभा धरता कधी आडवा. राउटरचे सगळे एकाच दिशेचे ठेवण्यापेक्षा एखादा वेगळ्या दिशेचा असला की काहीतरी जुळतंच. शिवाय हल्लीचे राउटर एकाच वेळी दोन-तीन वेगळे प्रवाह पाठवतात, ते समोरच्याला वेगवेगळे ओळखता आले तरच स्पीड मिळतो, आणि वेगळ्या दिशेच्या अँटेनांनी ते ओळखणं सोपं होतं. सिग्नल चांगला, पण लिंकचा स्पीड निम्माच दाखवतोय अशी तक्रार असेल तर हा उपाय करून बघण्यासारखा. फरक मोठा नसतो पण फुकट आहे.

बीमफॉर्मिंग असलं की अँटेनाच्या दिशेचं काही नाही, असंही कुणीतरी सांगतं. बीमफॉर्मिंग सगळ्या अँटेनांचे सिग्नल जुळवून एका दिशेला जोर देतं हे खरं, पण प्रत्येक अँटेना स्वतः त्या दिशेला जे काही पाठवतो तेच जुळवणार ना. चारही अँटेना डोक्यावर जवळजवळ काहीच पाठवत नसतील तर जुळवून जुळवून किती जुळवणार.

आणि आता परत परत येण्याचं दुसरं कारण, हे मावसभावाकडेच घडलं. काही दिवसांनी त्याचा फोन, परत तेच सुरू झालं रे. मी म्हटलं आधी जाऊन अँटेना बघ. चारही सरळ वर! त्याचे बाबा, म्हणजे माझे काका, टेबल पुसताना रोज व्यवस्थित सरळ करून ठेवत होते. काकांना विचारलं तर म्हणाले, "वाकडंतिकडं पडलेलं बरं दिसत नाही, आणि अँटेना वर असला की पकडतो ना." त्यांना टोकाचं आणि अंगाचं समजावून सांगितलं, त्यांना पटलं की नाही देव जाणे, पण राउटरवर एक कागदाची पट्टी चिकटवली, "कडेचे दोन आडवेच ठेवणे", ती मात्र ते पाळतात. तुमच्याकडे बिजागरी सैल होऊन आडवा अँटेना आपल्या वजनाने खाली लोंबत असेल तर एका छोट्या चिकटपट्टीने धरून ठेवा, धातूची तार किंवा क्लिप नको, अँटेनाला चिकटलेला धातू त्याचं सगळं गणित बिघडवतो. राउटर लोखंडी रॅकवर किंवा टीव्हीच्या पाठीला चिकटून असेल तर त्याचंही तेच.

हे कुठे चालणार नाही ते सांगून थांबतो. अँटेना राउटरच्या पोटात असतील तर वाकवायला काहीच नाही, तिथे राउटर कुशीवर किंवा उभा करून बघणं एवढंच हातात, तेही कंपनीने तसं ठेवायला परवानगी दिली असेल तर. स्लॅब जाड असेल, त्यात सळ्यांची दाट जाळी असेल, आणि कुशीवरच्या टेस्टनंतरही वर वजा ७५ च्या खालीच आकडा असेल तर अँटेनाच्या मागे लागून वेळ घालवू नका. राउटर बाजूला सरकवता येत असेल तर एकदा जिन्याच्या तोंडाशी ठेवून बघा, उघड्या जिन्यातून सिग्नल स्लॅबला वळसा घालून वर जातो. तेही जमत नसेल तर वर एक वायर ओढून दुसरा अॅक्सेस पॉइंट लावा, आणि त्याचे अँटेना वरच्या मजल्यासाठी खुशाल सरळ उभे ठेवा.